पलटून पाहिलेला निरोप

बदनापूरच्या आसपासच्या दहा-बारा गावांत कुणाला बोअर घ्यायचा असला, की तो गोरखला फोन करी. आधारकार्डावर नाव गोरक्षनाथ, पण त्या नावानं त्याला फक्त बँकेत हाक मारत. बाप मेंढरं घेऊन आठ-आठ महिने रानोमाळ हिंडलेला. गोरखच्या वाट्याला मेंढरं आली नाहीत. आली ती बापाची हिंडायची सवय आणि कुणाशीही चार शब्दांत सूत जुळवायची हातोटी. त्यावरच तो बोअरच्या गाड्यांचा एजंट झाला. शेतकऱ्याचं रान बघायचं, पाण्याची जागा सांगणाऱ्या पाणाड्याला फिरवून आणायचं, गाडी बोलवायची, गाडी आली की ती बांधावरून आत घालायची आणि पाणी लागेपर्यंत नाही तर शेतकऱ्याची आशा संपेपर्यंत तिथंच उभं राहायचं.

गाड्या यायच्या तामिळनाडूतून. एक ट्रक मशीनचा, एक कॉम्प्रेसरचा. दिवाळीनंतर यायच्या आणि मिरग निघाला की परत जायच्या. वर मालक तिकडं हजार-बाराशे किलोमीटरवर, इकडं कामाला छत्तीसगडचे मजूर, आणि मशीनवर सेल्वम.

सेल्वम पंचेचाळिशीचा, काळासावळा, बारीक चणीचा माणूस. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, तेही तासाभरात बोअरच्या धुरळ्यात दिसेनासे व्हायचे. हिंदी त्याला वीस शब्दांची यायची. पाणी, पत्थर, बस, चाय, कल. गोरखला तामिळ एकही शब्द येत नव्हता. दोघांच्या मधे होता तो गोरखचा मोबाईल. वरच्या चौकटीत मराठी लिहायचं, खालच्या चौकटीत तामिळ उमटायचं, ते सेल्वमला दाखवायचं.

पहिल्याच वर्षी रामराव नावाच्या शेतकऱ्याच्या रानात या मोबाईलनं घात केला. रामराव म्हणाले होते, साडेतीनशे फुटांवर थांबा, पाणी असो नसो, पुढं जाऊ नका. गोरखनं ते घाईत एका लांब वाक्यात लिहिलं, सेल्वमला दाखवलं आणि जेवायला गेला. येऊन बघतो तर मशीन पाचशेवर. रामरावांनी बांधावर उभं राहून दोघांचाही उद्धार केला. दुसऱ्या दिवशी सेल्वमनं गोरखच्या हातातून मोबाईल घेतला, कालचं वाक्य काढलं आणि दोन्ही चौकटींच्या मधल्या बाणावर बोट ठेवलं. चौकटींची अदलाबदल झाली. तामिळ वर गेलं आणि त्याचं पुन्हा मराठी झालं. गोरखनं वाचलं : ‘साडेतीनशेवर पाणी नसेल तर थांबू नका, पुढे जा.’

“तिरुप्पु,” सेल्वम म्हणाला, आणि हाताचा पंजा उलटासुलटा करून दाखवला. म्हणजे, पलटून बघ.

त्या दिवसापासून दोघांमधे तो कायदाच झाला. गोरख लिहायचा, बाण दाबायचा, पलटून आलेलं मराठी वाचायचा. आपण लिहिलेलंच परत आलं तर सेल्वमला दाखवायचा. नाही तर वाक्य तोडून, शब्द बदलून पुन्हा. हळूहळू त्याला कळलं, की वाक्य जितकं लांब तितकं वाकडं परत येतं. ‘लागणं’ हा शब्द तर तामिळला जाऊन कधीच धड परत येत नाही : पाणी लागतं, भूक लागते, कुलूप लागतं, मार लागतो, मोबाईलला ह्यातलं काही कळत नाही. म्हणून तो तोडून लिहू लागला. पाणी आले. दगड आला. इथे थांबा. उद्या सहा वाजता. आठ हंगाम असे गेले. सेल्वमच्या पोरीचं लग्न, गोरखच्या बायकोचं, प्रेमलाचं, गर्भाशयाचं ऑपरेशन, सगळं ह्या तोडक्या वाक्यांतून एकमेकांना कळत गेलं. एक गोष्ट मात्र कळली नव्हती. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात, घरी असताना, सेल्वमच्या हृदयाच्या नसेत स्टेंट टाकला होता. मालकाला समजलं तर मशीनवरून काढील म्हणून त्यानं ते कामावरच्या सगळ्यांपासून लपवलं होतं.

मे महिन्यातली गोष्ट. सोमठाण्याच्या बाजूला एका रानात बोअर चालू होता. सकाळचे अकरा वाजले असतील. दोनशे साठ फुटांवर रॉड बदलताना पकड निसटली आणि वीस फुटी रॉड आडवा होऊन सेल्वमच्या डोक्यावर बसला. हेल्मेट ट्रकच्या सीटवर पडलं होतं. मशीन बंद झालं, आणि एवढी घरघर थांबल्यावर जी शांतता झाली ती गोरखला आधी ऐकू आली; सेल्वम पडलेला त्याला नंतर दिसला.

शेतकऱ्याच्या पिकअपमधे घालून त्याला जालन्याच्या एका खाजगी दवाखान्यात आणलं. वाटेत तो दोनदा काहीतरी बोलला. नंतर बोलायचा थांबला. डोक्याचा फोटो निघाला. डॉक्टर बाहेर आले, सरळ बोलणारे होते.

“कवटीच्या आत रक्त साचून राह्यलंय. मेंदू दबतोय. उघडावं लागेल, आणि जल्दी. ह्यांना आधीचा काही आजार? हार्टचा? रक्त पातळ करायच्या गोळ्या वगैरे चालू आहेत का?”

“मला न्हाई माहीत, साहेब.”

“घरच्यांना विचारा. तासाभरात आत घेतो. रक्ताच्या गोठण्याची टेस्ट लावली आहे, पण काही गोळ्या त्या टेस्टमधे दिसत नाहीत. म्हणून विचारतोय.”

गोरखनं मालकाला फोन लावला. मालकाला मोडकीतोडकी हिंदी येत होती. तो म्हणाला, “घर पे मैंने बोल दिया, छोटा चोट है. तुम घर पे बात मत करो. मैं देखता हूँ.” आणि फोन ठेवला. गोरखनं पुन्हा लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, बंद. ह्या माणसाला मशीनवरच्या अपघाताची भीती आहे, सेल्वमची नाही, हे कळायला गोरखला वेळ लागला नाही. छत्तीसगडच्या मजुरांना तामिळ येत नव्हतं. दवाखान्यात कुणाला येत नव्हतं. सेल्वमच्या खिशातल्या फोनवर त्याच्या बायकोचा, मल्लिकाचा, नंबर होता. तिला तामिळ वाचता यायचं, बाकी काही नाही.

गोरख जिन्याखालच्या बाकड्यावर बसला आणि लिहायला लागला.

पहिल्यांदा त्यानं सगळं एका दमात लिहिलं : ‘तुमच्या नवऱ्याच्या डोक्याला मार लागला आहे, ऑपरेशन करावं लागणार आहे, त्यांना हृदयाचा त्रास किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का?’ बाण दाबला. परत आलं : ‘तुमच्या पतीच्या डोक्यावर कोणीतरी मारले आहे. शस्त्रक्रिया सुरू होईल. त्याच्या हृदयात दुःख आहे आणि त्याचे रक्त पाणी झाले आहे का?’

हे गेलं असतं तर? त्यानं ‘मार लागला’ काढलं. ‘कामावर लोखंडी पाईप डोक्यावर पडला. मोठी जखम झाली.’ पलटलं. जसंच्या तसं आलं. ‘डॉक्टर आज ऑपरेशन करतील.’ आलं. आता राहिला शेवटचा प्रश्न. रक्त पातळ म्हटलं की मोबाईल ते रक्त पाणी करत होता. दोनदा बदलून पाहिलं, दोन्ही वेळा काहीतरी भलतंच. आठ वर्षांच्या सवयीनं त्यानं वाक्य तोडलं. हृदय काढलं, रक्त काढलं. लिहिलं : ‘त्यांना कोणत्या गोळ्या चालू आहेत? लगेच सांगा.’ बाण दाबला.

परत आलं : ‘त्याला कोणत्या गोळ्या चालू आहेत? लगेच सांगा.’

अक्षर न् अक्षर. गोरखला वाटलं, देव पावला. पावणेदोनला त्यानं तिन्ही वाक्यांचा निरोप पाठवला, आणि दोन निळ्या खुणा उमटल्या तेव्हा त्यानं मोबाईल कपाळाला लावला.

पाच मिनिटांत मल्लिकाचा फोन आला. ती रडत होती. रडत रडत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती, “तुप्पाक्की! तुप्पाक्की!”

“हां बहन, गोळी, गोळी,” गोरख म्हणाला. “कौनसी गोळी? नाम बोलो. गोळी का नाम.”

पलीकडून किंकाळी आली, आणि फोन कुणीतरी हिसकावून घेतल्यासारखा बंद झाला. मग आवाजाचे निरोप येऊ लागले, एकामागून एक. गोरखनं ते मोबाईलला ऐकवून पाहिले. पण रडण्यातले शब्द मोबाईलला पकडता येईनात. चौकटीत दोन-तीन अक्षरं उमटायची आणि पुसून जायची. त्यानं तोच निरोप पुन्हा पाठवला. पलटून बघितलेला, बरोबर असलेला. पुन्हा एकदा पाठवला. मग तिकडचा फोन लागायचाच बंद झाला.

डॉक्टरांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, “टेस्ट नॉर्मल आली. एका डोळ्याची बाहुली मोठी व्हायला लागली आहे. मी आता थांबू शकत नाही.” कागदावर ‘आणणाऱ्याची सही’ म्हणून गोरखनं सही केली. अडीच वाजता सेल्वमला आत नेलं.

पावणेचारला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मल्लिकाच्या बहिणीचा मुलगा, कोईम्बतूरला कंपनीत कामाला. हिंदी बऱ्यापैकी. तो ओरडतच होता.

“किसने मारा मेरे मौसा को? किसने गोली चलाई? मौसी पुलिस स्टेशन में बैठी है!”

गोरखला काही कळेना. “गोली? कोई गोली नहीं चली. पाईप गिरा, पाईप.”

“पाईप लिखा, वो झूठ है! नीचे गोली भी तुमने ही लिखा है, मेरे सामने है. लिखा है, उस पर कौनसी तुप्पाक्की की, बंदूक की, गोलियाँ चल रही हैं. तीन बार लिखा है!”

गोरख जिन्याच्या पायरीवर बसला. वॉर्डातली शीतल सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन चालली होती, ती त्याचा चेहरा बघून थांबली. त्यानं मोबाईल तिच्यापुढं धरला. ती बीएस्सी नर्सिंग झालेली. तिनं खालच्या चौकटीतलं तामिळ उचललं, मराठीऐवजी इंग्रजी निवडलं आणि बाण दाबला. त्या इंग्रजीतला एकच शब्द गोरखलाही वाचता आला. बुलेट.

“मामा,” शीतल हळू म्हणाली, “मराठीत दोन्हीला गोळीच म्हणतात ना. जाताना त्यानं बंदुकीची धरली. येताना बंदुकीच्या गोळीचं परत मराठीत काय होणार? गोळीच. तुम्हाला सारखंच दिसणार. हिंदीत पलटवलं असतं तरी गोलीच आली असती. ज्या भाषेत दोन्हीला दोन शब्द आहेत, तिच्यात बघायला पाहिजे होतं.”

“पण आधी मी रक्त पातळ करायच्या लिहिलं होतं. मंग मीच ते काढलं. वाकडं येत होतं म्हणून.”

शीतलनं ट्रे पायरीवर ठेवला. ते शब्द राहिले असते तर मोबाईलनं बंदूक धरली नसती, हे तिला कळलं होतं. त्यालाही कळलं होतं.

तिनंच मग फोन घेतला आणि भाच्याला म्हणाली, “टॅबलेट. हार्ट टॅबलेट. ब्लड थिनर. घर में देखो, जल्दी.” भाच्यानं मावशीला पोलीस स्टेशनातून घरी पाठवलं. चार वाजून दहा मिनिटांनी कपाटातल्या डब्यातल्या दोन पाकिटांचे फोटो आले. शीतलनं नावं वाचली आणि पळत आत गेली. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकांना चिकटू न देणाऱ्या गोळ्या. एक नाही, दोन.

आत काय चाललं होतं ते गोरखला दार उघडझाक होताना दिसणाऱ्या चेहऱ्यांवरून कळत होतं. रक्त थांबत नव्हतं. मग ब्लड बँकेत धावाधाव. प्लेटलेटच्या पिशव्या यायला साडेपाच झाले. सहाला डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली, भिंतीला टेकले.

“टाके घातले आहेत. सकाळपर्यंत बघू.”

“साहेब, दोन वाजता मला कळलं असतं तर?”

डॉक्टरांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. खोटं बोलावं का खरं, असा विचार करत असावेत. “पिशव्या लावूनच उघडलं असतं. वाचले असते असं मी म्हणणार नाही. मार मोठा होता. पण लावूनच उघडलं असतं.”

सेल्वम दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गेला.

मल्लिका आणि तिचा भाऊ त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी पोचले. ह्या मधल्या वेळात गोरख घरी गेला नाही. प्रेमला डबा घेऊन आली, तो उघडला नाही. त्याच्या डोक्यात एकच होतं, बाई आली की तिला सांगायचं. आणि ह्यावेळी वाकडं जाता कामा नये. तो लिहायला बसला. ‘पाईप पडला. कोणीही मारले नाही.’ पलटून इंग्रजीत, शीतलकडून वाचून घेतलं. ‘मी तुम्हाला चुकीचा संदेश पाठवला. मला औषधाबद्दल विचारायचे होते. चूक माझी आहे.’ तेही इंग्रजीत बरोबर होतं. पण त्याचा आता मोबाईलवरही विश्वास नव्हता आणि स्वतःवरही.

“मामा,” शीतल म्हणाली, “खरं तर ज्यानं तुमचं मराठी पाह्यलंच न्हाई, असा तामिळ येणारा माणूस पाहिजे. त्यानं वाचून सांगायचं काय लिहिलंय ते. तुम्ही आधी काही सांगायचं न्हाई. सांगितलं की माणूस तेच वाचतो.”

“जालन्यात कुठं सापडंल असा?”

“स्टेशनरोडला ते इडलीवाले अण्णा हायेत की.”

अण्णाच्या गाडीवर गोरखनं पंधरा वर्षं इडली खाल्ली होती. सेल्वमला घेऊन खाल्ली होती. दोघं अण्णा-अण्णा म्हणत तामिळमधे हसायचे आणि तो शेजारी उभा राहून चटणी चाटायचा. दवाखान्यापासून ती गाडी चालत सात मिनिटांवर होती. त्या दुपारी, पावणेदोन वाजता, जिन्याखाली बाकड्यावर बसून तो बाण दाबत होता, आणि सात मिनिटांवर एक माणूस सांबार ढवळत होता. ते त्याच्या मनात आलंच नव्हतं. मोबाईल हातात होता म्हणून आलं नव्हतं.

तो गेला. अण्णानं हात पुसून मोबाईल घेतला, वाचला, आणि हिंदीत सांगितलं, “लिखा है, पाईप गिरा, किसी ने नहीं मारा. गलत मेसेज भेजा. दवाई का पूछना था. गलती मेरी.” मग त्यानं मान वर करून विचारलं, “किसका है ये?” गोरखनं सांगितलं. अण्णानं गॅस बंद केला. तो म्हणाला, “मुझे फोन करते ना.” त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

शवागाराच्या बाहेर निंबाखाली मल्लिका बसली होती. अण्णा बरोबर आला होता, पण ती त्याच्याकडं बघेना. गोरख तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं मोबाईल पुढं केला. तिनं वाचलं. एकदा, मग पुन्हा. ह्यावेळी निरोप जसाच्या तसा पोचला होता. त्यात एक शब्द इकडचा तिकडं झाला नव्हता. ती अण्णाशी काहीतरी बोलली, सावकाश, थांबत थांबत.

अण्णा सांगायला लागला आणि मधेच थांबला. “बोल रही है, रोज सुबह सात बजे फोन करती थी. गोली लिया क्या, पूछने को. उस दिन भी किया. तुम्हारा मेसेज आया तो वही पहले दिमाग में आना था. मगर बंदूक लिखा था, तो सब भूल गई. बोल रही है, गलती उसकी भी है.”

“नहीं,” गोरख म्हणाला. “नहीं, उनको बोलो नहीं.” पण अण्णानं ते तामिळमधे सांगितलं तेव्हा मल्लिकानं फक्त डोळे मिटले. बरोबर पोचलेल्या शब्दांचाही काही उपयोग नसतो, हे गोरखला तिथं उमजलं. तिच्या मनातून ते निघणार नव्हतं. त्याच्याही.

चारच्या सुमारास अॅम्ब्युलन्स निघाली. बाराशे किलोमीटर, दोन ड्रायव्हर. मल्लिकाचा भाऊ पुढं बसला, ती मागं बसली. अण्णानं वाटेसाठी इडल्यांचा डबा दिला होता, तो तिनं मांडीवर धरला होता, झाकण न उघडता. गाडी रस्त्याला लागून दिसेनाशी झाली तरी गोरख फाटकापाशी उभा होता.

त्याचा फोन वाजला. मालक होता. अपघाताच्या दिवसानंतर पहिल्यांदा.

“गोरख भाई, नया ड्रिलर भेज दिया. परसों पहुँचेगा. सोमठाणा वाला होल आधा पड़ा है, पार्टी चिल्ला रही है. पूरा करवा दो.”

पलीकडून दोन-तीनदा ‘हॅलो, हॅलो’ झालं. गोरख फोन तसाच कानाला धरून उभा राहिला, पलीकडचा आवाज थकून बंद होईपर्यंत.

बोअर त्यानं पुरा करून दिला. पाणी लागलं नाही. नवा ड्रिलर तरणा होता, तोही तामिळ. त्यानं पहिल्याच दिवशी आपला मोबाईल काढून गोरखपुढं धरला, वरची चौकट रिकामी. गोरखनं तो बाजूला सारला, काठीनं मातीत रेघ मारून जागा दाखवली आणि बांधावर जाऊन बसला. त्या हंगामात आणि त्याच्या पुढच्याही तो मशीनजवळ कुणाशी बोलला नाही. प्रेमला सांगते, घरीसुद्धा साधा ‘उद्या येतो’ असा मेसेज पाठवायचा असला, तरी तो लिहितो, वाचतो, वाचतच राहतो, आणि शेवटी न पाठवता फोन उशाखाली ठेवून देतो.